डेझर्टेशनच्या चॅप्टरचे मार्क पुन्हा बघा असं मॅडमना लिहायचंय, कारणं कशी मांडू?

"सर, मी एम.ए. समाजशास्त्र, शेवटच्या सेमिस्टरला आहे. डेझर्टेशन ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर आहे. तिसऱ्या चॅप्टरला, म्हणजे संशोधन पद्धतीला, २५ पैकी ११ मिळाले. मला वाटतं नमुना निवड, साधनं आणि विश्लेषण या तिन्हीत मार्क कमी दिलेत. मॅडमना पत्र लिहायचंय. माझा ड्राफ्ट, चॅप्टर आणि मार्कांचा तक्ता जोडलाय. उद्धट वाटायला नको, व्हायवालाही त्याच मॅडम असणार म्हणून भीती वाटतेय. कसं लिहू?"

ड्राफ्ट वाचला, चॅप्टर पण नीट वाचला. तुझ्या तीन कारणांपैकी दोन पत्रात घालण्यासारखी आहेत, तिसरं काढून टाक. आणि जी दोन राहतात त्यातलं एक तू आत्ता जसं लिहिलंयस तसंच पाठवलंस तर मॅडम वाचतील, पान उघडतील आणि म्हणतील की मी बरोबरच मार्क दिलेत, म्हणून ते बदलून लिहावं लागेल. उद्धटपणाचं म्हणशील तर तुझ्या ड्राफ्टमध्ये उद्धट असं काही नाहीये, 'कृपया', 'विनंती', 'क्षमस्व' सगळं जागच्या जागी आहे. अडचण अशी आहे की पूर्ण पानभर पत्रात मॅडमनी नेमकं कुठलं पान उघडून काय बघायचं हे एकदाही आलेलं नाही.

मी अशी पत्रं बरीच वर्षं घेतोय, गाइड म्हणूनही आणि विभागाच्या समितीवर बसूनही. पत्र हातात आलं की शिक्षक काय करतो ते सांगतो. तो चॅप्टर काढतो, मार्कांचा तक्ता काढतो, दोन्ही समोर ठेवतो आणि पत्रात शोधतो की मी कुठे बघू. पत्रात पान नंबर आणि तक्ता नंबर असेल तर तो तिथे जातो, वाचतो, आणि दहा मिनिटांत त्याला कळतं की आपल्या नजरेतून सुटलंय का नाही. ते नसेल तर त्याला अख्खा चॅप्टर पहिल्यापासून वाचायला लागतो, आणि सेमिस्टरच्या शेवटी दुसरे पंधरा डेझर्टेशन टेबलवर असताना ते कोणी करत नाही, मग 'मार्क योग्य आहेत' असं एका ओळीचं उत्तर येतं. माणूस वाईट असतो असं नाही, पत्राने त्याला कामच नेमून दिलेलं नसतं.

आता कारणांकडे येऊ. शिक्षकाला पान उघडून तपासता येतं असं एक कारण असतं, आणि ज्यात तुझं मत वेगळं, त्यांचं मत वेगळं असं दुसरं असतं. 'अनुसूची जोडलेली नाही' असा शेरा आहे आणि ती जोडलेली आहे, हे तपासता येतं. 'विश्लेषणाची मांडणी ढोबळ आहे' असा शेरा आहे आणि तुला ती ढोबळ वाटत नाही, हा मताचा भाग झाला, त्यासाठी मार्क बदलून मागायचे नसतात, फार तर 'कुठे कमी पडलं ते समजावून सांगाल का' असं विचारायचं असतं. आणि तुझ्या ड्राफ्टचा अर्धा भाग ज्याने भरलाय, म्हणजे चार महिन्यांची मेहनत, फडावर जाऊन घेतलेल्या मुलाखती, घरची परिस्थिती, पीएचडीच्या प्रवेशासाठी टक्केवारी लागणं, हे सगळं खरं आहे, मला त्याबद्दल शंका नाही, पण मार्कांच्या तक्त्यात यासाठी रकानाच नाहीये. मॅडमना ते वाचून वाईट वाटेल आणि तरी काही करता येणार नाही, उलट आपल्यावर दबाव येतोय असं वाटेल. ते सगळं काढ.

तुझा तक्ता असा आहे: संशोधन आराखडा ५ पैकी ३, नमुना निवड ६ पैकी १, साधनं ६ पैकी २, विश्लेषणाची पद्धत ५ पैकी ३, भाषा आणि संदर्भ ३ पैकी २. बेरीज ११च येते, मी करून बघितली, तू पण करत जा, कारण बेरीज चुकली असेल तर बाकी काही लिहावंच लागत नाही, दोन ओळींत काम होतं. तुझ्या बाबतीत खरा फटका नमुना आणि साधनं या दोन रकान्यांत बसलाय, १२ पैकी ३.

साधनांचं आधी घेतो कारण ते सरळ आहे. शेरा आहे, 'मुलाखत अनुसूची दिलेली नाही, त्यामुळे साधनाची तपासणी करता येत नाही.' तुझ्या पान ४५ वर वाक्य आहे की अनुसूची परिशिष्ट 'ब'मध्ये आहे. पण तू चॅप्टर एका फाइलमध्ये पाठवलास आणि परिशिष्टं दुसऱ्या फाइलमध्ये, त्याच मेलला. म्हणजे बहुधा मॅडमनी चॅप्टरची प्रिंट काढून तपासली आणि दुसरी फाइल उघडलीच गेली नाही. हे अगदी नेहमी होतं. इथे पत्रात 'मी जोडलं होतं, तुम्ही पाहिलं नाही' असं लिहायचं नाही, आणि 'माझीच चूक झाली' असं लोळणही घ्यायचं नाही. जे झालं ते लिहायचं, परिशिष्ट वेगळ्या फाइलमध्ये होतं, अमुक तारखेच्या मेलसोबत होतं, तो मेल परत फॉरवर्ड करतेय. नवीन फाइल जोडू नकोस, जुनाच मेल फॉरवर्ड कर, कारण त्यावर तारीख असते आणि नंतर बनवून जोडलं असा प्रश्नच येत नाही. पाठवायच्या आधी ती फाइल स्वतः उघडून बघ, त्यात खरंच अंतिम अनुसूची आहे ना, का पायलटच्या वेळची जुनी आहे. मी बघितली तर त्यात २८ प्रश्न आहेत आणि चॅप्टरमध्येही २८च लिहिलंय, म्हणजे जुळतंय.

नमुना निवडीचं मात्र जपून. शेरा आहे, 'नमुना निवडीचे कारण स्पष्ट केलेले नाही.' तू ड्राफ्टमध्ये लिहिलंस की पान ४१ वर नमुना निवडीची पूर्ण माहिती दिलेली आहे. पान ४१ वर काय आहे बघ: मुकादमांकडून मिळालेल्या यादीत २४० कुटुंबं, त्यातून दर चौथं कुटुंब, एकूण ६० कुटुंबं. ही पद्धत झाली, तू काय केलंस ते. मॅडम विचारतायत असंच का केलंस. चिठ्ठ्या टाकून ६० का नाही निवडली, एकाच गावातली ६० का नाही घेतली. त्याचं उत्तर पान ४१ वर नाहीये. तू पान ४१ दाखवलंस की त्या म्हणणार, हो हे मी वाचलंय, म्हणूनच शेरा मारलाय, आणि तुझं पत्र तिथेच संपलं.

पण उत्तर तुझ्या चॅप्टरमध्ये आहे, पान ४३ वर, तक्ता ३.२ च्या खाली, दोन ओळींत, जिथे कोणी शोधणार नाही तिथे. तू लिहिलंयस, 'यादी टोळीनुसार लिहिलेली असल्याने दर चौथे कुटुंब घेतल्यावर पंधराही टोळ्यांतील कुटुंबे नमुन्यात आली.' हेच ते कारण! आणि चांगलं कारण आहे. टोळी बदलली की मुकादम बदलतो, कारखाना बदलतो, मुलं सोबत नेतात का गावी आजीकडे ठेवतात हेही पुष्कळदा टोळीवर असतं, त्यामुळे प्रत्येक टोळीतलं कोणीतरी नमुन्यात असणं तुझ्या विषयासाठी महत्त्वाचं आहे. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर एखादी टोळी पूर्ण सुटू शकली असती. तक्ता ३.२ मध्ये टोळीवार आकडेही आहेत, त्यामुळे हे नुसतं म्हणणं राहत नाही, दिसतं. पत्रात पान ४३ चं ते वाक्य जसंच्या तसं अवतरणात द्यायचं, आत्ता सुचलेलं चांगलं स्पष्टीकरण त्यात मिसळायचं नाही. मी वर कारखाना, आजी वगैरे जे लिहिलं ते चॅप्टरमध्ये नाही, म्हणून पत्रातही येणार नाही. मार्क सबमिट केलेल्या चॅप्टरला असतात, नंतर लिहिलेल्याला नाही, आणि पत्रात नवा मजकूर आला की शिक्षक लगेच ओळखतो.

या रकान्यात पूर्ण मार्कांची अपेक्षा मात्र ठेवू नकोस. दर चौथं कुटुंब घेताना सुरुवात कुठून केली, पहिल्या चारांतलं कुठलं कुटुंब आणि ते चिठ्ठीने ठरवलं का मनाने, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. पद्धतशीर नमुन्यात ते लागतं. मॅडम पुन्हा वाचताना त्यांना हे दिसणार आहे. म्हणून पत्रात 'मला ६ पैकी ५ मिळायला हवेत' असा आकडा टाकायचा नाही, फक्त या रकान्याचा पुनर्विचार व्हावा इतकंच म्हणायचं.

विश्लेषणाचं तिसरं कारण तू दिलंस की मैत्रिणीने पण टक्केवारी आणि काय-वर्गच वापरलाय आणि तिला ५ पैकी ४ मिळालेत. हे पत्रात अजिबात नको. तिचा चॅप्टर मॅडमपुढे नाहीये, तिच्या परवानगीशिवाय तिचं नाव येतं, आणि त्याचा परिणाम तुझे वाढण्याऐवजी तिचे पुन्हा बघण्यात होऊ शकतो. ५ पैकी ३ हे मताच्या टप्प्यातलं आहे, सोडून दे.

आता पत्र. मी असं लिहिलं असतं, नाव-तारखा तुझ्या टाक:

"विषय: डेझर्टेशन प्रकरण ३ मधील दोन निकषांच्या गुणांचा पुनर्विचार करण्याबाबत विनंती

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

प्रकरण ३ चा गुणतक्ता आणि तुमचे शेरे मिळाले. शेरे वाचून मी प्रकरण पुन्हा पाहिले. आराखडा, विश्लेषण आणि भाषा याबद्दलचे शेरे मला समजले असून अंतिम प्रतीत त्याप्रमाणे दुरुस्ती करत आहे. खालील दोन निकषांबाबत मात्र संबंधित मजकूर आपल्या पाहण्यात आला नसावा असे वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१. साधने (६ पैकी २). मुलाखत अनुसूची दिलेली नाही असा शेरा आहे. अनुसूची परिशिष्ट 'ब'मध्ये आहे आणि तिचा उल्लेख पान ४५ वर आहे. परिशिष्टांची फाइल प्रकरणापासून वेगळी होती, ती दिनांक ____ च्या मेलसोबत पाठवली होती. तो मेल सोबत पुन्हा पाठवत आहे.

२. नमुना निवड (६ पैकी १). नमुना निवडीचे कारण स्पष्ट केलेले नाही असा शेरा आहे. कारण पान ४१ वर यायला हवे होते, ते पान ४३ वर तक्ता ३.२ खाली आले आहे: 'यादी टोळीनुसार लिहिलेली असल्याने दर चौथे कुटुंब घेतल्यावर पंधराही टोळ्यांतील कुटुंबे नमुन्यात आली.' टोळीवार संख्या त्याच तक्त्यात आहे. पहिले कुटुंब कसे निवडले हे प्रकरणात लिहायचे राहून गेले आहे, ते अंतिम प्रतीत घालते.

हा मजकूर पाहून या दोन निकषांच्या गुणांचा पुनर्विचार व्हावा, ही विनंती. आपला निर्णय जो असेल तो मला मान्य आहे. गुणांत बदल नसेल तर कारण आणखी कुठे कमी पडले हे थोडक्यात कळले तर अंतिम प्रतीसाठी उपयोग होईल. आपल्या सोयीने मी विभागात येऊन भेटू शकते.

आपली विद्यार्थिनी,
नाव, रोल नंबर, सेमिस्टर"

यात काय कशासाठी आहे ते थोडं सांगतो, म्हणजे बदल करताना मुद्द्याचं निघून जाणार नाही. पहिल्या परिच्छेदात बाकीचे तीन शेरे मान्य केलेत, ते नुसतं बरं दिसावं म्हणून नाही. पाचही रकान्यांवर वाद घालणाऱ्या पत्रात कुठल्याच मुद्द्याला वजन राहत नाही, दोनच उचललेस की वाचणाऱ्याला कळतं की तू शेरे खरंच वाचलेस. 'पाहण्यात आला नसावा' हे वाक्य मुद्दाम तसं आहे, त्यात 'तुम्ही वाचलं नाही' हा आरोप येत नाही, आणि मॅडमना माघार घेतली असं न वाटता मार्क बदलायची वाट मोकळी राहते. पहिल्या कुटुंबाची उणीव आपणहून सांगितली, कारण ती त्यांना तशीही सापडणारच होती, आणि तू लपवलंस असं वाटण्यापेक्षा तू सांगितलंस हे कितीतरी बरं. व्हायवाला तोच प्रश्न येणार हे पण धरून चल, तेव्हा उत्तर तयार पाहिजे.

'निर्णय मान्य आहे' हे वाक्य लिहायच्या आधी एकदा विचार कर, कारण ते लिहिलंस तर पाळावं लागेल. पुन्हा बघताना मार्क कमीही होऊ शकतात हे लक्षात घे. तुझ्या बाबतीत मला ती भीती वाटत नाही, १ आणि २ वरून अजून खाली जायला जागा कुठे आहे, पण ज्याला ६ पैकी ४ आहेत आणि ५ हवेत त्याला मी पत्र न लिहिण्याचा सल्ला देतो.

पत्र मेलने पाठव, व्हॉट्सअॅपवर नाही. विभागप्रमुखांना सीसी करू नकोस, पहिल्या पत्रात वरच्यांचं नाव आलं की ती विनंती राहत नाही, तक्रार होते, आणि मग मॅडम मजकूर बघण्याऐवजी स्वतःचा बचाव करायला लागतात. मेल पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी विभागात भेटलीस तर 'मॅडम मेल केलाय, सवडीने बघाल का' एवढंच बोल, कॉरिडॉरमध्ये उभं राहून मुद्दे सांगायला लागू नकोस.

सगळ्यात घाईचं काय असेल तर वेळ. अंतर्गत मार्क मॅडमकडे किंवा विभागात आहेत तोवर त्या स्वतः बदलू शकतात. एकदा ते परीक्षा विभागाच्या पोर्टलवर भरून लॉक झाले की त्यांची इच्छा असली तरी बदलासाठी विभागप्रमुखांमार्फत लेखी कारण द्यावं लागतं, आणि पुष्कळ जण त्या भानगडीत पडत नाहीत. तेव्हा ऑफिसमधल्या क्लार्कना विचार की डेझर्टेशनचे मार्क कधी भरायचेत. आणि लेखी पेपरसाठी फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाचा जो फॉर्म असतो त्याच्या भरवशावर राहू नकोस, डेझर्टेशन, प्रॅक्टिकल, व्हायवा हे त्यात सहसा धरत नाहीत. पुनर्मूल्यांकन हा आपोआप मिळणारा हक्क पण नाही, सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये आपल्याच राज्याच्या दहावी-बारावी बोर्डाच्या प्रकरणात पुनर्मूल्यांकन नाकारणारा नियम वैध ठरवला होता. म्हणून तुझ्या हातात खरी वाट आहे ती हे पत्रच.

उत्तर आलं नाही तर आठवड्याभराने त्याच मेलवर एक ओळ, 'मॅडम, वरील विनंतीबाबत आपली सवड कळवावी.' त्यानंतरही काहीच नाही तर विभागप्रमुखांना भेटून विचारायचं, तेव्हाही हेच पत्र दाखवायचं, नवीन लिहायचं नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार ती प्रत्येक संस्थेत असायला हवी आणि तक्रार आल्यापासून शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो. मूल्यमापन अपारदर्शक किंवा अन्यायकारक पद्धतीने झालं ही तक्रार त्या नियमांत बसते. त्यावर लोकपालाकडे अपील आहे, पण उत्तरपत्रिकांच्या पुनर्मूल्यांकनाचे किंवा फेरबेरजेचे अर्ज लोकपाल घेत नाहीत, निकालावर परिणाम करणारी ठरावीक अनियमितता किंवा भेदभावाचं ठरावीक उदाहरण दाखवलं असेल तरच घेतात. म्हणजे तिथेही 'मार्क कमी वाटतात' चालत नाही, 'जोडलेलं परिशिष्ट विचारात घेतलं गेलं नाही, हा तारखेचा मेल' असंच काहीतरी लागतं. तुझ्याकडे ते आहे, म्हणून तो मेल डिलीट होणार नाही याची काळजी घे, कॉलेजचा आयडी सेमिस्टर संपल्यावर बंद होत असेल तर आत्ताच त्याची पीडीएफ करून ठेव.

तुला तिथवर जायला लागेल असं मला वाटत नाही. चॅप्टर बघता साधनांमध्ये बदल व्हायला हरकत नाही, नमुन्यात थोडा होईल, आणि मॅडमनी 'नाही' म्हटलं आणि कारण सांगितलं तर ते कारण वहीत लिहून घे, बाहेरचे परीक्षक व्हायवाला तिथेच बोट ठेवण्याची शक्यता जास्त आहे. पत्र पाठवायच्या आधी एवढं एक कर, पान नंबर पुन्हा तपास. तू मला पाठवलेल्या वर्ड फाइलमध्ये पान ४१ आहे ते मॅडमना दिलेल्या पीडीएफमध्ये ४० असू शकतं, फॉन्ट बदलला की पानं सरकतात. मॅडमकडे जी प्रत आहे तिचेच नंबर पत्रात टाक.